लाडूच्या मिश्रणात शेवटी घातलेलं दोन मुठी कच्चं बेसन

ओवी

परवा किलोभर बेसनाचे लाडू केले. बेसन मंद आचेवर पाऊण तास भाजलं, रंग छान बदामी आला, घरभर खमंग वास सुटला. उतरवून कोमट झाल्यावर पिठीसाखर आणि वेलदोडा घातला. तूप मात्र अंमळ जास्त पडलं होतं. लाडू वळून ताटात ठेवला की पाच मिनिटांत खाली बसायचा. मी फोन घ्यायला बाहेर गेले आणि तेवढ्या वेळात सासूबाईंनी डब्यातलं दोन मुठी कोरडं बेसन परातीत घालून मळून टाकलं. लाडू झकास वळले गेले. मला हे दुसऱ्या दिवशी बोलण्या-बोलण्यात कळलं.

नणंदेला सातवा महिना आहे, रविवारी ती येतेय आणि लाडू खास तिच्यासाठीच केलेत. माझी चार वर्षांची लेक तर वळताना परातीशीच बसलेली होती. सासूबाई म्हणतात, जन्मभर भज्यांचं पीठ बोटाने चाखूनच मीठ बघत आलोय, कधी काही झालं नाही. त्यांनी प्रेमाने केलंय, त्यांना दुखवायचं नाही. पण एवढ्याशा कच्च्या पिठाने खरंच काही होतं का? नणंदेला लाडू द्यावेत की नाही?

माजघर

ओवी, लाडू बसत असतील तर वरून पीठ घालायची गरजच नाही. परात पंधरा-वीस मिनिटं फ्रीजमध्ये ठेवायची. तूप थिजायला लागलं की हाताने पुन्हा मळून घ्यायचं आणि मग वळायचं. थंडीत तर नुसतं झाकून तासभर ठेवलं तरी पुरतं. पुढच्या वेळी अर्धा किलो बेसनाला आधी दोनशे ग्रॅमच तूप घाला, बाकीचं भाजताना लागेल तसं. बेसन भाजत आलं की तूप सोडतं आणि सैल होतं, तेव्हा सुरुवातीला कोरडं वाटलं म्हणून घाईने तूप वाढवू नये.

ओवी

माजघर, हे नक्की लक्षात ठेवीन. पण लाडू आता घट्टच झालेत, प्रश्न त्यात गेलेल्या न भाजलेल्या पिठाचा आहे.

विसावा

उगाच काळजी करताय. जंतूंना वाढायला पाणी लागतं. पीठ कोरडं असतं, म्हणूनच तर डब्यात महिनोन्महिने टिकतं. लाडूतही पाणी नाही, आहे ते तूप आणि साखर. मुरांबा टिकतो तसाच लाडू टिकतो. कच्चं बेसन खाऊन पोट दुखतं ते डाळ कच्ची असल्यामुळे, ती पचत नाही आणि गॅस होतो. दोन मुठी बेसन पन्नास लाडवांत विभागलं तर एका लाडवात चिमूटभर येतं. खुशाल द्या.

दाणापाणी

विसावा, पहिलं वाक्य बरोबर आहे, पण पुढचा निष्कर्ष निसटला. कोरड्या पिठात जंतू वाढत नाहीत, पण मरतही नाहीत. निपचित पडून राहतात. मी बारा वर्षं धान्यप्रक्रियेच्या कारखान्यात तपासणी प्रयोगशाळेत काम केलं. साल्मोनेला आणि ई. कोलाय कोरड्या पिठात कित्येक महिने तग धरतात.

ते पिठात येतात शेतातून. गहू काय, हरभरा काय, उघड्यावर वाढतो. त्यावर पक्षी बसतात, शेतातून जनावरं जातात, खळ्यावर आणि गोदामात उंदीर असतात. पुढे धान्य चाळतात, पाखडतात, दळतात. डाळ करताना भिजवून वाळवतात. यातली एकही पायरी जंतू मारायला पुरेशी तापत नाही. दूध तापवतो, मांस शिजवतो, म्हणून ते कच्चं आहे हे आपल्या डोक्यात असतं. पीठ मात्र पांढरंशुभ्र, पिशवीत बंद, कोरडं. ते कच्चं आहे असं वाटतच नाही.

अमेरिकेत २०१५च्या डिसेंबरपासून २०१६च्या सप्टेंबरपर्यंत २४ राज्यांत ६३ जण ई. कोलायच्या एकाच साथीत आजारी पडले. सतरा जणांना रुग्णालयात ठेवावं लागलं, एकाच्या मूत्रपिंडांपर्यंत गेलं. कोणी दगावलं नाही. शोध घेताना बऱ्याच जणांनी कच्ची कणीक किंवा केकचं मिश्रण चाखल्याचं निघालं. काही लहान मुलांना तर हॉटेलात जेवण येईपर्यंत खेळायला कच्च्या कणकेचा गोळा दिला होता. ती नुसती खेळली होती. शेवटी रुग्णांमधले जंतू आणि गव्हाच्या पिठातले जंतू जुळले.

आता चिमटीचं. या जातीच्या ई. कोलायचे मोजकेच जंतू पोटात गेले तरी पुरतात, म्हणून "पन्नास लाडवांत विभागलं" हा हिशोब इथे चालत नाही. तुमच्या डब्यात तो जंतू असेलच असं मी म्हणत नाही, बहुतेक डब्यांत नसतोच. पण असला तर दिसत नाही, वास येत नाही, चव बदलत नाही. ठणठणीत माणूस हा धोका पत्करेल. चार वर्षांचं मूल आणि गरोदर बाई यांच्यासाठी मी पत्करणार नाही. नणंदेला हे लाडू देऊ नका.

विसावा

पटलं, मरत नाहीत हे डोक्यात आलं नव्हतं. पण ते गव्हाचं पीठ होतं. बेसनाचं असं काही ऐकलेलं नाही.

दाणापाणी

तो ६३ जणांचा प्रसंग गव्हाचाच, ते खरं. बेसनाला तोच तर्क लागू होतो, कारण हरभराही शेतातच पिकतो आणि डाळीपासून पिठापर्यंत त्यालाही आच लागत नाही. आणि ऐकलेलं नाही म्हणजे घडत नाही असं नाही. अमेरिकेत रुग्णाच्या शौचातल्या जंतूचा ठसा काढून तो दुसऱ्या राज्यातल्या रुग्णाशी जुळवतात. खाल्ल्यापासून पोट बिघडायला तीन-चार दिवस लागतात, तोवर पीठ चाखल्याचं कोणाच्या ध्यानातही नसतं. आपण आदल्या दिवशीच्या जेवणावर खापर फोडतो.

रानजाई

माझा प्रश्न जरा वेगळा आहे. मी इडली-डोशाचं आंबवलेलं पीठ रोज चाखते, मीठ आणि आंबटपणा बघायला. आंबट झाल्यावर जंतू मरतात ना? मुलालाही सवय लागलीय, तो वाटीतून चाटतो. भज्यांच्या पिठाचंही तेच, चाखल्याशिवाय तिखट-मिठाचा अंदाज येणार कसा?

दाणापाणी

आंबलं की पीठ आम्ल होतं आणि वाईट जंतूंची वाढ मंदावते, हे खरं. पण ताज्या वाटलेल्या पिठाला आंबायला आठ-दहा तास लागतात, आणि आंबट झालं म्हणजे आतलं सगळं मेलं असं होत नाही. मुलाची चाटायची सवय मोडा.

चवीसाठी एकच भजं आधी तळायचं, किंवा तव्यावर रुपयाएवढा डोसा घालायचा. एक-दोन मिनिटांचं काम. आणि खरं सांगायचं तर कच्च्या पिठाचं मीठ फसवतं. बेसनाच्या कच्चट चवीत मीठ कमी लागतं, तळल्यावर तेच जास्त होतं. तळलेल्या भज्यावरून घेतलेला अंदाज अचूक निघतो.

कोकणकडा

दाणापाणी, एक विसंगती वाटतेय. अमेरिकेची अन्न आणि औषध प्रशासन यंत्रणा सांगते की घरी पीठ भाजून ते कच्चं खाण्याजोगं करायचा प्रयत्न करू नका, त्याने जंतू मरतीलच याची खात्री नाही. तिकडे लोक ओव्हनमध्ये पीठ तापवून त्याचे न शिजवलेले गोळे खातात, त्यांच्यासाठी ही सूचना आहे. मग आपले लाडू म्हणजे वेगळं काय? आपणही पीठ घरीच भाजतो आणि पुढे शिजवत नाही.

दाणापाणी

हाच मुद्दा या धाग्यात यायला हवा होता. नीट लिहितो.

ओल्या पदार्थात सत्तर अंशांना हे जंतू बघता बघता मरतात. त्याच जंतूंना कोरड्या पिठात ऐंशी अंशांना ठेवलं तरी दहातले नऊ मरायला काही मिनिटं जातात, उरलेल्या दहाव्याला पुन्हा तेवढीच. पाणी नसलं की जंतू चिवट होतो. त्यात तूप आलं की आणखी चिवट, स्निग्धात लपेटलेला जंतू उष्णतेला दाद देत नाही. चॉकलेटमधला साल्मोनेला सत्तर-ऐंशी अंशांना तासन्‌तास टिकतो तो यामुळेच. म्हणून पीठ गरम केलं, वाफ आली, हाताला चटका बसला, एवढ्यावर काही ठरत नाही. ओव्हनच्या ट्रेमध्ये जाड थर पसरला तर वरचं तांबूस होतं आणि मधलं साठ अंशांवरच असतं. त्या सूचनेमागचं कारण हे आहे.

बेसनाचा लाडू वेगळा पडतो तो रंगामुळे. गेल्या दिवाळीत कढईत स्वयंपाकाचा थर्मामीटर धरून मी बघितलं. अर्धा किलो जाडसर बेसन, दोनशे ग्रॅम तूप, जाड बुडाची कढई, मंद आच, हात थांबवायचा नाही. दहाव्या मिनिटाला पीठ ऐंशीच्या आसपास होतं. तेव्हा ते जड लागतं, कालथ्याला गोळा चिकटतो, रंग जसाच्या तसा. मग बराच वेळ ते शंभरच्या आगेमागे रेंगाळलं, कारण बेसनातला ओलावा उडत होता. या टप्प्यात मिश्रण फसफसतं, हलकं होतं. ओलावा संपला की तापमान भराभर चढायला लागलं. साधारण पंचविसाव्या मिनिटाला एकशेवीस ओलांडलं, तूप सुटून कडेला दिसायला लागलं आणि खमंग वास आला. पस्तिसाव्या मिनिटाला एकशेचाळीसला पोचलं तेव्हा बदामी रंग आला.

म्हणजे बदामी रंग ओलावा उडाल्याशिवाय आणि शंभराच्या पुष्कळ वर गेल्याशिवाय येतच नाही. सगळं पीठ सारख्या रंगाचं झालं असेल तर सगळं पीठ तिथवर पोचलंय. आजी "टाळूला चिकटायला नको" म्हणायच्या, ते कच्चं राहिलेलं बेसन. मात्र शब्द "सगळं" हा आहे. आच मोठी ठेवली की तळाचं करपतं आणि वरचं कच्चं राहतं. दोन्ही मिसळून जो रंग दिसतो तो बदामीच दिसतो! अशा लाडवात वासाला करपट आणि जिभेला कच्चट, दोन्ही एकदम लागतं.

आणखी एक जागा आहे. ढवळताना कढईच्या वरच्या काठाला पीठ उडून बसतं. ते भाजलं जात नाही, पांढुरकंच राहतं. शेवटी आपण कालथ्याने कड खरवडून तेही परातीत घेतो. मी दर पाच-सात मिनिटांनी कड पुसून पीठ मध्ये घेतो, पंचविसाव्या मिनिटानंतर काठाला जे बसेल ते टाकून देतो.

माजघर

कडेचं कधी ध्यानातच आलं नव्हतं. मी शेवटी दुधाचा हबका मारते, लाडू रवाळ होतात म्हणून. त्याने काही बिघडतं का?

दाणापाणी

उलट. एकशेचाळीस अंशांच्या पिठात दोन चमचे दूध पडलं की ते भस्सकन फुलून येतं, सगळ्या पिठातून वाफ जाते. ओली उष्णता कोरडीपेक्षा कितीतरी जास्त मारते, त्यामुळे मला तो हबका आवडतो. मात्र फेस खाली बसेपर्यंत, तीन-चार मिनिटं, पुन्हा भाजायचं. ओल राहिली तर आठवड्यात लाडवाला बुरशी येते.

गहिनाथ

आमच्याकडे वेगळी रीत आहे. हरभऱ्याची डाळ आधी खमंग भाजायची आणि मग गिरणीतून जाडसर दळून आणायची. तुपावर दहा मिनिटं परतलं की लाडू तयार. डाळ आतपर्यंत भाजलेली असते, मग पाऊण तास घालवायचा कशाला?

दाणापाणी

चव छान येते, मीही खाल्लेत. पण भाजून झाल्यावर डाळ गिरणीत जाते, आणि गिरणीच्या पाळ्यात तुमच्या आधी कोणाचं तरी कच्चं दळण झालेलं असतं. पहिली दोन-तीन मुठी त्याचीच येतात. त्यामुळे तुपावर परतणं दहा मिनिटांत आटपू नका, फसफसणं थांबून वास सुटेपर्यंत परता.

गहिनाथ

तेवढं परतलं तर आमचे लाडू काळपट होतात, कारण डाळ आधीच भाजलेली. आमची गिरणी फक्त डाळीची आहे, चाळीस वर्षं असंच चाललंय. मी बदलणार नाही.

दाणापाणी

मग घरच्या मिक्सरवर दळा, भांडं कोरडं आणि धुतलेलं घेऊन. रीत तीच राहील, परतणंही वाढणार नाही.

सुमनताई

मुलगी बाळंतीण आहे, तिला मेथीचे लाडू करतेय. आमच्यात मेथीची पूड आठ दिवस तुपात भिजत घालतात, म्हणजे कडूपणा कमी होतो. नंतर कणीक भाजून त्यात ती तशीच मिसळतात. मेथी भाजत नाहीत. वरचं वाचून आता मन खातंय. आठ दिवस तुपात राहिली म्हणजे काही असेल ते मेलं असणार ना?

दाणापाणी

सुमनताई, तुपात भिजल्याने कडूपणा जातो, जंतू जात नाहीत. तूप त्यांना सांभाळतं. मेथीचे दाणेही शेतातलेच. जर्मनीत २०११ साली ई. कोलायची फार मोठी साथ आली होती, पन्नासहून जास्त माणसं गेली, आणि माग निघाला तो मोड आलेल्या मेथीपर्यंत. मोड आणताना ओल आणि ऊब मिळून जंतू अफाट वाढतात, तुमच्या पुडीत तसं होत नाही, त्यामुळे दोन्ही एकाच मापाने मोजू नका. पण बाळंतिणीच्या लाडवात न तापलेली पूड मी घालणार नाही. दाणे आधी मंद आचेवर तांबूस होईपर्यंत भाजा, मग दळा, मग तुपात घाला.

सुमनताई

मेथी भाजली की जास्त कडू होते असं आई सांगायची.

मृण्मयी_प

करपली तर होते, ताई. मी मेथी भाजून, दळून, मग चार दिवस तुपात ठेवते. कडूपणा माझ्या मुलीने चालवून घेतला. पण माझी जाऊ म्हणते की न भाजलेलीच जास्त गुणकारी असते. यावर आमचं दरवर्षी वाजतं, अजून एकमत नाही.

सुमनताई

माझी पूड आधीच तुपात पडलीय, चार दिवस झाले. आता काय करू? टाकवत नाही.

दाणापाणी

टाकू नका. ते तूप-मेथी कणकेबरोबरच कढईत घाला आणि एकत्र भाजा. कणीक अर्धी भाजून झाली की मेथी घालायची, म्हणजे करपणार नाही आणि तिला पंधरा-वीस मिनिटं तरी पूर्ण आच मिळेल. कणीक बेसनापेक्षा लवकर लाल होते, आच अगदी बारीक ठेवा.

ओवी

सगळं वाचलं, सासूबाईंनाही वाचून दाखवलं. त्या थोडा वेळ गप्प बसल्या आणि मग म्हणाल्या, "तिच्या पोटात बाळ आहे, नकोच द्यायला." आता घरात पंचेचाळीस लाडू आहेत. ते फोडून पुन्हा कढईत भाजता येतील का? साखर आत गेलीय.

दाणापाणी

कोरडं भाजू नका. साखर विरघळून तळाला लागेल, करपेल आणि गोळे दगडासारखे होतील. करपायच्या भीतीने तुम्ही आच लवकर बंद कराल, म्हणजे मूळ अडचण तशीच.

ओलं शिजवा. दहा लाडू हाताने बारीक कुस्करा. दोन वाट्या कोमट दुधात आधी नीट मोडून घ्या, एकही गुठळी ठेवू नका, कारण गुठळीच्या पोटात कोरडं पीठ तसंच राहतं. मग कढई मंद आचेवर ठेवून सतत ढवळत उकळी आणा. बुडबुडे फुटायला लागल्यावर पाच-सात मिनिटं शिजू द्या. मिश्रण कड सोडून गोळा व्हायला लागेल आणि वाफाळता शिरा होईल. पाणी आल्यावर त्या जंतूंचा चिवटपणा संपतो. शिरा त्याच दिवशी संपवा, उरला तर फ्रीजमध्ये. आणि परात, कालथा, ज्या ताटात लाडू वळून ठेवले ती ताटं, सगळं साबणाने धुऊन वाळवा. नवे लाडू त्याच परातीत वळणार असाल तर हे आधी.

माजघर

आणि नवे लाडू पुन्हा सैल झाले तर वेगळ्या कढईत चार चमचे बेसन कोरडं बदामी भाजून ठेवलेलं असू द्या. लागेल तेवढं तेच घालायचं. मी आता दरवेळी डबीत भरून ठेवणार आहे.

ओवी

काल बारा लाडवांचा शिरा केला. दोन वाट्या दूध पुरलं नाही, अर्धी वाटी वाढवावं लागलं. उकळी आल्यावर घड्याळ लावून सात मिनिटं ढवळला. मुलीने दोनदा मागून घेतला. बाकीचे लाडू डब्यात वेगळे ठेवलेत, रोज थोडे संपवू.

आज सकाळी सासूबाईंनी स्वतः नवं बेसन भाजायला घेतलं, अर्धा किलोच. थर्मामीटर नाही आमच्याकडे, पण फसफसून हलकं होणं आणि मग कडेला तूप सुटणं, दोन्ही मला पहिल्यांदाच नीट ओळखू आलं. सव्वीसाव्या मिनिटाला वास बदलला. कडेचं पीठ त्यांनीच फडक्याने पुसून काढलं. लाडू टाळूला चिकटत नाहीत.

एक राहिलं, वरून लावलेली चारोळी आणि काजूचे तुकडे कच्चेच असतात. तेही भाजून घ्यायला हवेत का?

दाणापाणी

काजू-चारोळी तुपात हलकी परतून घ्या, चवही वाढते. वेलदोड्याची पूड मात्र भाजली तर वास उडतो. म्हणून मी वेलदोड्याचे सोललेले दाणे कढई उतरवल्या उतरवल्या गरम बेसनात पुरून ठेवतो, थोड्या वेळाने काढून कुटतो. त्याने कितपत साधतं याचं मोजमाप माझ्याकडे नाही. इथे कोणी वेगळं करत असेल तर लिहा.